एकरकमी की दरमहा? हार्मोनिक सरासरीच्या एका आलेखाचा वर्षभराचा अनुभव

माझा थोरला भाऊ भुसावळला रेल्वेत होता. 2024 च्या पावसाळ्याच्या शेवटी निवृत्त झाला आणि हाती आलेल्या पैशातले बारा लाख निफ्टी 50 च्या इंडेक्स फंडात ठेवायचे त्याने ठरवलं. फंड कुठला यावर वाद नव्हता. खर्चाचं प्रमाण कमी असलेला डायरेक्ट प्लॅन घ्यायचा, एवढं पक्कं होतं. प्रश्न एकच होता, आणि तो त्याने जळगावला माझ्या ओट्यावर बसून विचारला, "सांग भो, एकदम टाकू का थोडे थोडे?"

मी हिशेबाचं काम करतो, त्यामुळे स्प्रेडशीटशी रोजचा संबंध. तेव्हा बनवलेला आलेख आम्ही त्या दिवाळीपासून वापरतोय. कुठे उपयोगी पडला आणि कुठे नाही, ते लिहितो.

आधी दादाला दाखवला गेलेला आलेख. एका वितरकाने वीस वर्षांच्या दोन रेषा काढल्या होत्या, एक एकरकमीची आणि एक एसआयपीची, आणि शेवटी दोन्हींत मोठं अंतर. दिसायला जोरदार, पण आमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. त्यातली एसआयपी वीस वर्षं पगारातून जाणारी होती. दादाकडे पैसे आजच पडून आहेत. त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या : सगळे आज फंडात, किंवा आज लिक्विड फंडात, म्हणजे थोड्या मुदतीच्या कर्जरोख्यांच्या कमी जोखमीच्या फंडात ठेवून वर्षभरात बारा हप्त्यांनी निफ्टीत. तुलना या दोघांचीच व्हायला हवी.

दोन्ही वाटा अशा मांडल्या की एक गोष्ट लगेच दिसते. बाराव्या हप्त्यानंतर दोघांकडे एकाच फंडाची युनिट्स असतात, फक्त संख्या वेगळी. तिथून पुढे बाजार कुठेही जावो, दोघांतलं टक्क्यांतलं अंतर कायम राहतं. म्हणजे निकाल पहिल्या बारा महिन्यांतच लागतो. रुपयांच्या आलेखात अंतर वाढत गेल्यासारखं वाटतं, कारण दोन्ही रकमा वाढत असतात. तोच आलेख लॉग स्केलवर, म्हणजे सारख्या टक्क्यांना सारखी उंची देणाऱ्या मापावर काढला की हप्ते संपल्यापासून दोन्ही रेषा समांतर धावतात. आम्ही वीस वर्षांचा आलेख बाजूला ठेवला तो एवढ्यासाठी.

मग उरतं ते युनिट्सचं गुणोत्तर, आणि त्याला एक सूत्र पुरतं. सारखी रक्कम बारा वेळा टाकली की पडणारा सरासरी भाव हा साधा मध्य नसतो, हार्मोनिक मध्य असतो, कारण भाव उतरला की त्याच रकमेत जास्त युनिट्स येतात. पहिल्या दिवसाच्या भावाला त्या मध्याने भागलं की हप्तेवाल्याकडे किती टक्के जास्त किंवा कमी युनिट्स आहेत ते कळतं. ए स्तंभात तारखा, बी स्तंभात महिनाअखेरचा निर्देशांक, सी स्तंभात हे :

```
=B2/HARMEAN(B2:B13)-1
```

हे शेवटच्या अकरा ओळी सोडून खाली ओढत न्यायचं, कारण त्यांच्यापुढे बारा महिने उरत नाहीत, आणि सी स्तंभाचा उभ्या दांड्यांचा आलेख काढायचा. शून्याच्या वरचा दांडा म्हणजे त्या महिन्यात सुरुवात केली असती तर हप्ते सरस, खालचा म्हणजे एकरकमी सरस. आकडे niftyindices.com वर मिळतात. तिथे लाभांश धरलेला टोटल रिटर्न निर्देशांक घ्यावा. नुसत्या भावाच्या निर्देशांकात लाभांश सुटतो आणि एकरकमीवर थोडा अन्याय होतो.

तारखा जुन्याकडून नव्याकडे आहेत ना, हे आधी बघा. उलट्या असतील तर सूत्र मागच्या बारा महिन्यांचा हिशेब करतं आणि आलेख तरीही अगदी खरा वाटतो. पडताळणीला दोन जागा ठेवा. 31 डिसेंबर 2007 ला निफ्टी 6138.60 होता आणि 28 नोव्हेंबर 2008 ला 2755.10. त्या बारा महिनाअखेरींचा हार्मोनिक मध्य साधारण 4238 येतो, म्हणून 2007 च्या डिसेंबरचा दांडा सुमारे 45 टक्के वर असायला हवा. दुसरी जागा 31 मार्च 2009. निफ्टी 3020.95, पुढच्या वर्षाचा हार्मोनिक मध्य साधारण 4420, म्हणजे दांडा सुमारे 32 टक्के खाली. हे आकडे भावाच्या निर्देशांकाचे आहेत, लाभांशासह किंचित हलतील. पण दिशा तीच राहून दांडे याहून बरेच आखूड आले तर तारखा उलट्या आहेत, असं समजा.

ही दोन टोकं दादाला दाखवली तेव्हा तो बराच वेळ बघत बसला. मग विचारलं, "पंचेचाळीस टक्के वर, म्हणजे त्या वर्षी हप्तेवाल्याला फायदा झाला?" आलेखातली सगळ्यात फसवी जागा हीच. नोव्हेंबर 2008 अखेर एकरकमी बारा लाखांचे साधारण 5 लाख 39 हजार उरले होते आणि हप्त्यांनी घातलेल्या बारा लाखांचे साधारण 7 लाख 80 हजार. दोघंही तोट्यात, एक कमी. दांडा फक्त दोघांतला फरक सांगतो, पैसे वाढले की घटले ते सांगत नाही. म्हणून शेजारी दुसरा छोटा आलेख हवाच : वर्ष संपल्यावर बारा लाखांचे प्रत्यक्ष किती झाले.

2009 ची गोष्टही तितकीच मोलाची. 18 मे 2009 ला, लोकसभेच्या निकालानंतर, निफ्टी एका दिवसात 17 टक्क्यांहून जास्त चढला आणि वरचं सर्किट लागून व्यवहार थांबले. तेव्हा ज्यांचे बहुतेक हप्ते बाकी होते, त्यांच्या त्या पैशांना त्या दिवसाचा काहीच लाभ नाही. थांबण्याची किंमत असते, आणि ती कधीकधी एकाच दिवसात मोजावी लागते.

आता शून्याची रेषा. थांबलेले पैसे लिक्विड फंडात थोडे तरी कमावतात. बारा हप्त्यांत एक रुपया सरासरी साडेपाच महिने थांबतो, म्हणजे सहा टक्के दराने पूर्ण रकमेवर सुमारे पावणेतीन टक्के. म्हणून मी बरोबरीची रेषा शून्यावर न काढता उणे 2.75 वर काढली. त्याहून खाली गेलेला दांडाच एकरकमीच्या बाजूचा धरायचा. लिक्विड फंडाच्या नफ्यावर आपल्या स्लॅबप्रमाणे कर लागतो, त्यामुळे वरच्या स्लॅबमधल्याने ही रेषा थोडी वर घ्यावी.

सगळे दांडे एकत्र पाहिले तर रेषेच्या खालचे जास्त आहेत. चढत्या बाजारात थांबणारा महाग घेतो, त्यात नवल नाही. व्हॅनगार्ड या अमेरिकी फंड कंपनीने 2012 मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाचे आकडे तपासले तेव्हाही साधारण दोन-तृतीयांश वेळा एकरकमी पुढे होती. पण आपल्या आलेखावरून "इतके टक्के वेळा" असं छातीठोकपणे सांगायला मी तयार नाही. शेजारच्या दोन दांड्यांच्या बारा भावांपैकी अकरा भाव सामाईक असतात. त्यामुळे तीनशे दांडे म्हणजे तीनशे पुरावे होत नाहीत. मी दांडे मोजत नाही, झुबके मोजतो. वरचे झुबके 2000, 2008, 2011, 2015 आणि 2020 च्या पडझडींआधीचे आहेत. एवढ्याशा झुबक्यांवरून पुढचा कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही.

मग पीई, म्हणजे भाव नफ्याच्या किती पट आहे ते पाहून ठरवावं का? आम्ही तेही करून पाहिलं. निफ्टीचा पीई आणि पुढच्या वर्षीचा दांडा असे ठिपके मांडले. पण मार्च 2021 च्या अखेरीपासून एनएसईने पीईसाठी कंपन्यांच्या स्वतंत्र नफ्याऐवजी उपकंपन्यांसह एकत्रित नफा धरायला सुरुवात केली आणि पीई 40 च्या आसपासवरून एकदम 33 च्या आसपास आला. बाजार तसा पडला नव्हता, फक्त मोजमाप बदललं. ही फट न भरता जुन्या सरासरीशी आजचा पीई ताडून "स्वस्त आहे" म्हणणारे आलेख आजही फिरतात. शिवाय 2020 च्या अखेरीस नफे आटल्यामुळे पीई फुगलेला होता, तरी बाजार पुढे चढतच गेला. ते पान मी काढून टाकलं.

शेवटी दादाचा निर्णय असा झाला : सहा लाख 31 ऑक्टोबरला, उरलेले सहा लिक्विड फंडातून एसटीपीने, म्हणजे एका फंडातून दुसऱ्यात आपोआप वळणाऱ्या हप्त्यांनी, नोव्हेंबर अखेरपासून दरमहा एक लाख. शक्यता एकरकमीच्या बाजूने होती, पण 2008 चा दुसरा आलेख पाहिल्यावर वहिनींनी स्पष्ट सांगितलं की सगळे एकदम टाकले तर मला झोप लागणार नाही. पेन्शन सुरू होती, पैसे दहा वर्षं लागणार नव्हते, तरीही त्यांचं म्हणणं मला पटलं. घाबरून पडत्या भावात काढलेले पैसे कुठल्याच दांड्यात दिसत नाहीत. लिक्विड फंडात पहिल्या सहा दिवसांत पैसे काढले तर एक्झिट लोड लागतो, तेव्हा एसटीपीची पहिली तारीख त्यानंतरची घ्या.

पुढे निफ्टी ऑक्टोबर ते फेब्रुवारी सलग पाच महिने उतरला. 31 ऑक्टोबरला 24205 होता, फेब्रुवारी अखेरीला 22125. तेव्हा दादाचा फोन आला, "पुढचे हप्ते थांबवू का?" आलेखाचा खरा उपयोग मला त्या दिवशी झाला. मी त्याला एवढंच सांगितलं की हप्त्यांची वाट आपण याच महिन्यांसाठी घेतली. आज थांबलास तर हप्त्यांचा फायदा देणारी खरेदीच हुकते आणि थांबण्याची किंमत मात्र भरून झालेली असते. त्याने एसटीपी चालू ठेवली, आणि फेब्रुवारीच्या हप्त्यात सहांपैकी सर्वांत जास्त युनिट्स आली.

एप्रिल अखेरीला हिशेब मांडला. सहा हप्त्यांचा हार्मोनिक मध्य साधारण 23522. म्हणजे त्या अर्ध्या रकमेवर सुमारे 2.9 टक्के जास्त युनिट्स, पूर्ण बारा लाखांवर दीड टक्क्यांच्या आसपास, अठरा हजारांच्या आत. वर लिक्विडचं थोडं व्याज. एवढी चर्चा झालेली ती पडझड आणि आलेखात दांडा बोटभर! 2007 किंवा 2009 सारखे महिने सोडले तर फरक बऱ्याचदा असाच आटोपशीर निघतो.

आता गावाकडचे लोकही हा आलेख मागतात, विशेषतः कापसाचे पैसे हाती आले की. त्यांच्यासाठी मी तो उघडतच नाही. डिसेंबर-जानेवारीत आलेले ते पैसे मे-जूनमध्ये बियाणं आणि खताला लागणार असतात. पाच महिन्यांत परत हवे असलेले पैसे निफ्टीत एकदम टाकले काय आणि हप्त्याने टाकले काय, जोखीम त्यांना पेलणारी नाही, ते बँकेतच बरे. माझ्या पुतण्याला पगारातून दरमहा पाच हजार टाकायचे आहेत, त्यालाही तो लागत नाही, कारण त्याच्याकडे एकरकमी रक्कमच नाही. घर किंवा जमीन विकून, निवृत्तीतून किंवा मुदत ठेव मोडून मोठी रक्कम आली असेल आणि ती सात-आठ वर्षं लागणार नसेल, तर मात्र तो काढून बघा. सूत्रातला B13 बदलून B7 केला की सहा हप्त्यांचा आलेख मिळतो, B4 केला की तीनचा. कालावधी कमी केला की दांडे दोन्हीकडून आखूड होत जातात, आणि कुठल्या लांबीचा खालचा दांडा घरच्यांना सोसवेल ते एकत्र बसून ठरवता येतं.