edge-tts वर मराठी लेखांचं वाचन: सात महिन्यांच्या वापरानंतर

वापर असा: आठशे ते हजार शब्दांचे भटकंतीचे लेख, आठवड्याला दोन, आणि त्यांच्या ऐकता येतील अशा फाइली. edge-tts हे पायथनमधलं छोटं साधन आहे. एज ब्राउझर मजकूर मोठ्याने वाचायला जी ऑनलाइन सेवा वापरतो, तीच हे वापरतं. त्यामुळे इंटरनेट लागतं आणि मजकूर बाहेर जातो. गोपनीय मजकूर यात घालू नये. मराठीसाठी मनोहर आणि आरोही असे दोन आवाज आहेत. आज्ञा एवढीच:

```
edge-tts --voice mr-IN-ManoharNeural --rate=-8% --file vachan.txt --write-media lekh.mp3
```

वेग आठ टक्क्यांनी कमी केला की स्थळनामं भरलेला लेख नीट पोहोचतो. त्याहून हळू केलं तर स्वर ताणल्यासारखे वाटतात.

आवाज हा या कामातला सोपा भाग आहे. सगळी मेहनत `vachan.txt` मध्ये आहे. छापलेला लेख डोळ्यांसाठी लिहिलेला असतो, आणि तो तसाच दिला तर ऐकताना जागोजागी अडखळतो. हे वाक्य बघा:

"कळसूबाई (ता. अकोले) हे राज्यातील सर्वोच्च शिखर. उंची १,६४६ मी. बारी गावातून वर जायला ३-४ तास लागतात."

पहिला मोह होतो तो संक्षेपांची यादी करून सगळीकडे बदलून टाकण्याचा. "ता." च्या जागी "तालुका" असं सरसकट बदललं की "रस्ता निसरडा होता." याचं "रस्ता निसरडा होतालुका" होतं. म्हणून संक्षेपाच्या आधी दुसरं देवनागरी अक्षर नाही ना, हे तपासावं लागतं. इथे पायथनचं नेहमीचं `\b` उपयोगाचं नाही. काना, मात्रा, वेलांटी यांना ते शब्दाचा भाग मानत नाही, त्यामुळे शब्दाच्या मधेच त्याला शब्दाची सीमा दिसते. त्याऐवजी हे चालतं:

```python
jodya = [("कि.मी.", "किलोमीटर"), ("ता.", "तालुका"), ("जि.", "जिल्हा")]
for june, nave in jodya:
    lekh = re.sub(r"(?<![\u0900-\u097F])" + re.escape(june), nave, lekh)
```

"मी." मुद्दामच या यादीत नाही. "तिथे पोहोचलेला पहिला मी." या वाक्यातला मी मीटर नव्हे. शिवाय वरच्या उदाहरणात "मी." चं टिंब दोन कामं करतं: संक्षेप दाखवतं आणि वाक्यही संपवतं. ते बदललं की पूर्णविराम जातो आणि "मीटर बारी गावातून" असं एका दमात ऐकू येतं. मीटर, रुपये, इसवी सन हे हातानेच लिहावेत. कंसातल्या "ता. अकोले" चं "तालुका अकोले" झालं, तरी ऐकताना ते पाकिटावरच्या पत्त्यासारखं वाटतं. तिथे शब्द बदलून भागत नाही, वाक्यच नव्याने लिहावं लागतं:

"राज्यातलं सर्वांत उंच शिखर म्हणजे कळसूबाई. ते अकोले तालुक्यात आहे. त्याची उंची एक हजार सहाशे शेहेचाळीस मीटर. बारी गावातून वर जायला तीन ते चार तास लागतात."

आकडे अक्षरांत लिहायचे ते सगळेच्या सगळे. कारण "१९६०" हा आकडा आहे की वर्ष, हे त्याच्या दिसण्यावरून कळत नाही. रुपये असतील तर "एक हजार नऊशे साठ", साल असेल तर "एकोणीसशे साठ", आणि २०२४ साल मात्र "दोन हजार चोवीस". आकड्याला प्रत्यय चिकटला असेल तर आणखी जपावं लागतं: "२री" म्हणजे दुसरी, "४था" म्हणजे चौथा, "१ल्या" म्हणजे पहिल्या. "२.५ कि.मी." ला आपण "दोन पूर्णांक पाच" म्हणत नाही, अडीच किलोमीटर म्हणतो. तसंच दीड, साडेतीन, पावणेदोन. "३-४ तास" मधल्या आडव्या रेघेचं काय करायचं, हेही आधीच ठरवून टाकावं: अंदाज असेल तर "तीन-चार", मर्यादा असेल तर "तीन ते चार". हे सगळं ठरवणारा प्रोग्रॅम लिहिता येईल, पण एका लेखात आकडे वीस-पंचवीस. हाताने लिहायला दहा मिनिटंही लागत नाहीत, आणि चूक झाली तर ती दिसते.

नावांची अडचण वेगळी आहे, आणि तिचं मूळ लिपीत आहे. च, ज, झ यांचे मराठीत दोन-दोन उच्चार आहेत आणि अक्षर मात्र एकच. "हे जग" आणि "तू जग" लिहिताना सारखेच, बोलताना वेगळे. चिपळूणचा च तालव्य, चाकणचा दंत्य. जेजुरीतल्या पहिल्या ज चा उच्चार एक, जळगाव आणि जुन्नरच्या ज चा दुसरा. इ, ई, ए यांच्या आधी सहसा गोंधळ होत नाही. अ, आ, उ, ओ यांच्या आधी मात्र कोणत्याही यंत्राला अंदाजच करावा लागतो. म्हणून लेखातली सगळी नावं ओळीला एक अशी वेगळ्या फाइलीत टाकून आधी ऐकावीत. नुसतं नाव नको, "आम्ही चाकणला गेलो" असं छोटं वाक्य द्यावं, कारण सुट्या शब्दाचा सूर वेगळा लागतो. उच्चार चुकला तर "त्साकण" किंवा नुक्ता देऊन "ज़ळगाव" असं लिहून बघावं. जे रूप कानाला पटेल ते जोड्यांच्या यादीत जातं आणि पुढच्या लेखांना आपोआप लागू होतं. SSML च्या खुणा देऊन उच्चार सांगायची सोय edge-tts मध्ये नाही, त्यामुळे असं लेखन बदलणं हाच मार्ग उरतो.

बदल लागू होत नसेल, तर बहुधा अक्षरं दिसतात तशी नसतात. "दऱ्या" मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो, एकदा "ऱ" वापरून आणि एकदा "र" ला न दिसणारा जोडणारा वर्ण लावून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा निसटतो. यादीत दोन्ही रूपं ठेवावीत.

आवाज निवडताना एक कसोटी सगळ्यांत आधी लावावी: "असं झालं, तसं केलं" हे वाक्य. शेवटचा अनुस्वार मराठीत नाकातून येत नाही, तो फक्त अ लांबवतो. ज्या आवाजात तिथे न किंवा म ऐकू येईल, तो बोलीच्या वळणाच्या लेखांना घेऊ नये. असे शब्द दर दुसऱ्या वाक्यात येतात, किती ठिकाणी दुरुस्त करणार? लेख "असे झाले, तसे केले" अशा भाषेत असेल तर हा प्रश्नच येत नाही.

विराम फक्त विरामचिन्हांनीच मिळतात. उपशीर्षकाआधी मोठी शांतता हवी असेल तर प्रत्येक भागाची वेगळी फाइल करून मध्ये एक सेकंद शांतता जोडावी. याचा दुसरा फायदा म्हणजे एक नाव चुकलं तर तेवढाच भाग पुन्हा करावा लागतो.

तपासताना `vachan.txt` समोर ठेवू नये. डोळ्यांना योग्य शब्द दिसला की कानालाही तो योग्यच वाटतो. पहिल्यांदा काहीही न वाचता ऐकावं आणि जिथे लक्ष अडकलं तिथली वेळ टिपून ठेवावी. दुसऱ्यांदा मूळ छापील लेख समोर ठेवून फक्त आकडे ताडून पाहावेत, कारण "सहाशे शेहेचाळीस" च्या जागी "चारशे शेहेचाळीस" लिहिलं गेलं असेल तर ते कानाला अजिबात खटकत नाही.

सात महिन्यांनंतरही "तोच", "इथेच" यांतल्या "च" वरचा जोर मनासारखा मिळत नाही. "याच वाटेने जावं" हे "दुसरी वाट नाही, ही एकच" असं लिहिलं की अर्थ पोहोचतो. ओव्या आणि अभंग असलेला मजकूर मात्र माणसाकडूनच वाचून घ्यावा.