कापायचं की झाकायचं?

पुस्तक प्रकाशनाचं रेकॉर्डिंग. वक्ते भाषण संपवून बसले, कॉलर माइक चालूच राहिला आणि टाळ्यांमध्ये शेजाऱ्याला सांगितलेलं घरच्या आजारपणाचं वाक्य नोंदलं गेलं. जेमतेम ४ सेकंद. ते त्यांचं खाजगी आहे, जायलाच हवं.

पहिला मार्ग म्हणजे चित्रासकट तेवढा तुकडा कापणं. बोलण्यातल्या शांत विरामात हे छान जमतं. इथे मात्र टाळ्या ओसरत होत्या. मधले ४ सेकंद गेले की आवाज एकदम खाली पडतो आणि वक्ते खुर्चीत उडी मारल्यासारखे दिसतात. वर श्रोत्यांचं दृश्य टाकलं तर उडी लपते, आवाजाचा खड्डा लपत नाही.

दुसरा मार्ग, वेळ तशीच ठेवून फक्त आवाज बदलणं. त्याच सभागृहातल्या, तितक्याच ओसरलेल्या टाळ्या घ्यायच्या आणि दोन्ही टोकांना साधारण पाव सेकंद एकमेकांत मिसळायच्या. शेवटच्या शब्दाचा घुमारा मागे राहतो, म्हणून अर्धा सेकंद जास्त झाकायचं. ओठ हलताना दिसतात, तेवढ्यापुरतं लांबचं दृश्य लावायचं.

मी इथे झाकणंच निवडेन. हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकलं की सांधा कळतो. सबटायटलमधलं ते वाक्यही पुसा. ते हमखास राहून जातं.