बाजारातून फोन आला तर: आधी हाक, आधी उत्तर की आधी प्रश्नातलाच शब्द?

बडोद्यात खंडेराव मार्केटच्या फुलबाजारातून सासरेबुवांचा घरी फोन येतो: "हार किती घेऊ?" त्यांच्या कानाशी हॉर्न आणि भाव सांगणाऱ्यांचा गलका. घरून उत्तर द्यायचे तीन मार्ग आहेत.

थेट "सात" म्हणणं सगळ्यांत छोटं, पण फोनवर तेच जास्त फसतं. गोंगाटात पहिलं अक्षर बुडतं आणि 'स' म्हणजे बारीक, उंच पट्टीची सळसळ. जुन्या पद्धतीच्या फोन कॉलमध्ये सुमारे ३४०० हर्ट्झच्या वरचा आवाज जातच नाही, त्यामुळे तो आणखी पुसट होतो. उरतो 'आ', आणि 'सात'चा 'आठ' होतो. 'हो'चंही तेच, 'ह' म्हणजे नुसता श्वास. त्याऐवजी "घ्या" किंवा "चालेल" म्हणावं.

"बाबा, सात" म्हटलं तर बुडायचं ते हाकेतलं बुडतं. हाकेनंतर अर्धा सेकंद थांबायचं, तेवढ्यात कान इकडे वळतो. समोरासमोर, गर्दीत, हाच मार्ग बरा. मात्र तिथे "ताई" म्हटलं तर चार जणी वळून बघतात. नावाने हाक मारावी.

फोनवर आमची पसंती तिसऱ्याला: "हार सात." प्रश्न त्यांचाच असल्याने 'हार' अर्धा ऐकू आला तरी ओळखू येतो, आणि आकडा सुरुवातीच्या धोक्यातून सुटतो. त्यांनी एका दमात दोन प्रश्न विचारले असतील, तर उत्तर एकाचंच द्यावं, दुसरं नंतर.

नकार असेल तर मराठीची स्वतःची अडचण येते, कारण आपला 'नाही' वाक्याच्या शेवटी बसतो. "हार आज घ्यायचे नाहीत" म्हणताना शेवटी हॉर्न वाजला की पलीकडे पोचतं "हार आज घ्यायचे", आणि हार घरी येतात. म्हणून नकार दोन्ही टोकांना ठेवावा: "नको, हार नकोत." हा एक बदल बाकी सगळ्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

स्कूटरवर गणित वेगळं. मागच्याचं तोंड चालवणाऱ्याच्या कानाशी असतं, त्याला पूर्ण वाक्य परवडतं. चालवणाऱ्याचा आवाज मात्र पुढे जातो, वर वारा आणि हेल्मेट. "कुठून जायचं?" असं विचारल्यावर मान न वळवता त्याने एकच शब्द टाकावा, "रावपुऱ्यातून". मागचा उत्तराचीच वाट बघत असतो, त्यामुळे इथे हाक वाया जाते.

ओरडून फारसं साधत नाही. ओरडताना स्वर फुगतात, व्यंजनं तेवढी वाढत नाहीत, आणि 'सात'-'आठ'मधला फरक तर व्यंजनांतच आहे. आवाज थोडाच चढवून अक्षरं सुटी बोलावीत. शेवटी "ऐकू आलं का?" विचारू नये, त्यावर "हो"च येतं. "किती घेताय?" विचारावं आणि आकडा त्यांच्याच तोंडून ऐकावा.