आठ महिने बँकेतून डॉलर घेतल्यावर: रेमिटन्स अॅडव्हाइस वाचायला शिकले त्याची गोष्ट

मी कोल्हापुरात बसून कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या कंपनीसाठी वेबसाइटचं काम करते. महिन्याचं बिल 2,500 डॉलर. पैसे वायरने माझ्या करंट अकाउंटला येतात आणि दुसऱ्या दिवशी बँक ईमेलवर जमा रकमेचा तपशील देणारी एक पानाची अॅडव्हाइस पाठवते. बँकेचं नाव लिहीत नाही, कारण आजूबाजूला विचारलं तर बहुतेकांचा अनुभव असाच निघाला. पहिले दोन महिने मी ती पीडीएफ न उघडताच फोल्डरमध्ये टाकत होते. तिसऱ्या महिन्यात हिशेब मांडला आणि झोप उडाली.

खात्यात जमा झाले होते 2,08,732 रुपये 73 पैसे. त्याला बिलातल्या 2,500 ने भागलं तर डॉलर पडला 83.49 ला. त्याच दिवशी एफबीआयएल या दर जाहीर करणाऱ्या संस्थेचा डॉलरचा संदर्भ दर होता 85.40. हा दर दुपारी दीडच्या सुमारास जाहीर होतो आणि त्यांच्या साइटवर कुणालाही पाहता येतो. म्हणजे 4,767 रुपये कुठेतरी गळाले होते. शाखेत गेले तर काउंटरवरचे साहेब म्हणाले, "मॅडम, आम्ही काही कापलं नाही, तिकडूनच कमी आलंय."

अर्धं खरं होतं. मी स्विफ्ट संदेशाची, म्हणजे पैसे पाठवताना बँका एकमेकींना देतात त्या सूचनेची, प्रत मागितली. ती मागावी लागते, आपणहून कुणी देत नाही. त्यात आधी पाहायच्या ओळी या:

```
:33B:USD2500,
:71A:SHA
:71F:USD20,
```

`:33B:` म्हणजे पाठवणाऱ्याने सांगितलेली रक्कम. `SHA` म्हणजे पाठवणारा आपल्या बँकेचं शुल्क भरणार आणि वाटेतलं बाकीचं माझ्या माथी. `:71F:` ही वाटेतली कपात. दोन बँकांनी हात मारला असेल तर ही ओळ दोनदा दिसते. त्याच संदेशातल्या `:32A:` या ओळीत तारखेनंतर `USD2480,` होतं, म्हणजे माझ्या बँकेच्या हातात खरोखर 2,480 च पडले. माझी बँक स्वतः जे घेते ते मात्र या संदेशात कधीच दिसत नाही, ते अॅडव्हाइसमध्ये शोधायचं. (नोव्हेंबर 2025 पासून बँका आपसात नव्या स्वरूपातले संदेश पाठवतात. तिथे `SHA` ऐवजी `SHAR` आणि सगळं शुल्क पाठवणाऱ्यावर टाकणाऱ्या `OUR` ऐवजी `DEBT` दिसतं. अर्थ तोच.)

वीस डॉलर म्हणजे संदर्भ दराने 1,708 रुपये. मग उरलेले तीन हजार?

अॅडव्हाइसवर शुल्काच्या दोनच ओळी होत्या. आवक व्यवहाराचं शुल्क जीएसटीसकट 177 रुपये, आणि चलन बदलण्यावरचा जीएसटी 278 रुपये 27 पैसे. हा दुसरा आकडा मला आधी मनाला येईल तसा लावलेला वाटला होता, पण त्याचं सूत्र ठरलेलं आहे. एक लाख ते दहा लाखांच्या रकमेवर 180 रुपये, अधिक एक लाखाच्या वरच्या भागावर 0.09 टक्के. करून पाहिलं, पैशापर्यंत जुळलं.

खरी गळती एका निरुपद्रवी ओळीत होती: `Exchange Rate 84.35`. तिच्यासमोर शुल्क वगैरे काही लिहिलेलं नसतं, म्हणून नजर तिथे थांबतच नाही. संदर्भ दरापेक्षा 1 रुपया 5 पैसे कमी, गुणिले 2,480, म्हणजे 2,604 रुपये. मधल्या बँकेच्या वीस डॉलरवरून मी क्लायंटशी वाद घालायला निघाले होते आणि त्याहून मोठी रक्कम माझ्याच शाखेत जात होती. संदर्भ दर हा काही बँकेने द्यायलाच हवा असा दर नाही. तो मोजपट्टी म्हणून वापरायचा. बाजार दिवसभर हलतो, त्यामुळे दहा-वीस पैशांच्या फरकावरून भांडण्यात अर्थ नाही. एक रुपयाचा फरक मात्र बाजार हलल्यामुळे सहसा पडत नाही. बँकेने सकाळी ठरवलेला सरसकट दर, म्हणजे कार्ड रेट, तुम्हाला आपोआप लावला गेलाय, एवढाच त्याचा अर्थ.

यावर उपाय निघाला. शाखेला लेखी दिलं की माझी रक्कम आली की मला कळवा, मी दर ठरवल्याशिवाय रुपयांत बदलू नका. आता मेसेज आला की मी फॉरेक्स डेस्कला फोन करते, दर विचारते, मान्य असेल तर "बुक करा" म्हणते आणि दर ईमेलवर मागून घेते. गेल्या काही वेळा फरक तीस पैशांच्या आसपास राहिलाय. 2,500 डॉलरला 750 रुपये, म्हणजे चालण्यासारखं. एकदा फोन उचलायला उशीर झाला, तेवढ्यात कार्ड रेटने जमा करून मोकळे झाले. लेखी सूचना दाखवल्यावर दर बदलून दिला, पण चार फोन करावे लागले.

क्लायंटला `OUR` निवडायला सांगितलं. तेव्हापासून बहुतेक वेळा पूर्ण 2,500 पोचतात. एकदा `OUR` असूनही मधल्या बँकेने कापलेच. ही खात्रीची गोष्ट नाही एवढं लक्षात ठेवा.

पैशांच्या हिशेबात मी इतकी गुंतले होते की त्याहून महागात पडू शकणारी ओळ पाचव्या महिन्यापर्यंत पाहिलीच नव्हती. ती म्हणजे पैसे कशासाठी आले हे सांगणारा पर्पज कोड. माझ्या कामाला `P0802` लागतो, सॉफ्टवेअर सल्ला आणि अंमलबजावणीचा. त्या महिन्याच्या अॅडव्हाइसवर होता `P1301`, म्हणजे परदेशातल्या भारतीयाने कुटुंबाच्या खर्चासाठी पाठवलेले पैसे! उलगडा झाला तो असा. कंपनीचे मालक मूळचे भारतीय. कंपनीच्या खात्याला काही अडचण होती म्हणून त्यांनी स्वतःच्या खात्यातून पैसे पाठवले आणि तपशिलाची `:70:` ओळ कोरी ठेवली. बँकेला दिसलं एक भारतीय नाव, पुढे माझं नाव आणि मध्ये काहीच नाही. त्यांनी आम्हाला काका-पुतणी ठरवून टाकलं.

हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मी एलयूटी या हमीपत्रावर जीएसटी न लावता सेवा निर्यात करते, आणि परकीय चलन त्या सेवेसाठीच आलं याचा पुरावा हीच अॅडव्हाइस. तिच्यावर कुटुंबखर्च लिहिलेला असेल तर ती निर्यातीचा कागद म्हणून पुढे करता येत नाही. सीएंनी फोनवर एवढंच विचारलं, "पैसे पाठवणाऱ्याचं नाव बिलावर आहे का?" नव्हतं. मग बिल, करार, मालकांनी कंपनीच्या वतीने पैसे भरल्याचं कंपनीचं पत्र आणि माझा अर्ज असं सगळं दिलं. दुरुस्त अॅडव्हाइस मिळायला अकरा दिवस लागले. आता क्लायंट `:70:` मध्ये बिलाचा नंबर आणि कामाचं नाव टाकतो, आणि मी अॅडव्हाइस आली की दराच्याही आधी कोड आणि पाठवणाऱ्याचं नाव पाहते.

लाभार्थीच्या तपशिलाने एकदाच त्रास दिला, तोही माझ्याच चुकीने. बिलावर मी व्यवसायाचं नाव छापलं होतं, खातं मात्र माझ्या स्वतःच्या नावावर. क्लायंटने बिल पाहून नाव टाकलं, `:59:` मधलं नाव आणि खात्यावरचं नाव जुळेना, आणि रक्कम चार दिवस चौकशीत अडकली. आता बिलाच्या तळाशी खात्यावर आहे तसंच नाव, शून्यासकट पूर्ण खाते क्रमांक आणि अकरा अक्षरी स्विफ्ट कोड छापते. आमच्या शाखेला स्वतःचा कोड नाही, शहरातल्या परकीय चलनाच्या शाखेचा वापरावा लागतो. हेही चार दिवस हेलपाटे घातल्यावर कळलं.

अॅडव्हाइस स्वतः कशी आहे म्हणाल तर मध्यम. दर, कोड, रुपये, कर सगळं असतं, पण मूळ पाठवलेली रक्कम त्यांच्या नमुन्यात नाहीच, थेट 2,480 पासून सुरुवात. त्यामुळे स्विफ्ट प्रत अजूनही दर महिन्याला वेगळी मागते. काउंटरवरचे साहेब आता मला पाहिलं की न विचारताच प्रिंट काढतात.