प्रोफाइलमध्ये मांजर: पाच महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

हा अनुभव हिंज या डेटिंग ॲपवरचा आहे. तिथे सहा फोटो आणि तीन प्रश्नांची उत्तरं असतात, एका उत्तराला १५० अक्षरांची मर्यादा असते. पसंती सबंध प्रोफाइलला मिळत नाही. समोरचा माणूस एखाद्या फोटोवर किंवा उत्तरावर बोट ठेवतो, आणि ते कशावर ठेवलं हे आपल्याला दिसतं. त्यामुळे मांजर आपलं काम करतेय की आपल्याला झाकतेय, हे इथे चक्क मोजता येतं.

आधी निकाल सांगून टाकतो: सहापैकी एका फोटोत आणि तीनपैकी एका उत्तरात प्राणी, एवढंच प्रमाण टिकलं. फोटो तिसरा किंवा चौथा. पहिल्या जागी ठेवला की पसंती येतात, पण सोबतचा मजकूर ‘किती गोड!’ एवढाच. त्यावर ‘थँक्यू’ म्हणून झालं की संवाद तिथेच आटोपतो. शेवटी ठेवला तर बरेच जण तिथवर पोचतच नाहीत. तिसऱ्या जागेपर्यंत चेहरा दोनदा दिसून गेलेला असतो, मग मांजर माणसाच्या ओळखीत भर घालते.

नुसत्या मांजरीचा फोटो ठेवू नका. सहातली एक जागा वाया जाते आणि त्यात तुमचं काहीच दिसत नाही. फोटोत दोघंही हवेत, आणि तुम्ही काहीतरी करत असायला हवं: पुस्तक वाचताना मांडीवर बसलेली, खुर्ची दुरुस्त करताना हत्यारांच्या पेटीत शिरलेली. गालाला गाल लावून काढलेली सेल्फी बहुतेक वेळा फसते. हातभर अंतरावरून रुंद भिंगात जे पुढे असतं ते फुगतं, म्हणजे नेमकं मांजरीचं नाक.

प्राणी काळा असेल तर आणखी एक घोळ होतो. फोनला चौकट अंधारी वाटते, तो उजेड वाढवतो, आणि तुमचा चेहरा पांढराफटक पडतो. उपाय सोपा आहे: स्क्रीनवर आपल्या चेहऱ्यावर बोट टेकवून फोकस धरायचा, उजेडाची पट्टी थोडी खाली ओढायची आणि एका दमात दहा-बारा फोटो काढायचे. खिडकी बाजूला असावी, पाठीमागे नको. अपलोड करण्याआधी फोटो मोठा करून गळपट्ट्याचा बिल्ला बघा. त्यावर बहुधा तुमचाच फोन नंबर कोरलेला असतो, आणि हल्लीच्या कॅमेऱ्यात तो स्वच्छ वाचता येतो.

आता मजकूर. समजा, मांजरीचं नाव चिंगी. पहिला मसुदा साधारण असा निघतो: ‘चिंगीची आई. चिंगी हेच माझं जग. ती आवडली नाही तर पुढे चला.’ तीन वाक्यं, तिन्ही चिंगीची, शिवाय शेवटी दार आपटलेलं. तोच मजकूर बदलून असा:

‘रात्री बुद्धिबळाची कोडी सोडवते. चिंगी पटावरचा उंट पळवते, म्हणून निम्मी अर्धवट. एक डाव मांडायचा?’

१५० अक्षरांत आरामात बसतं. पहिल्या वाक्यात माणूस आहे, मांजर मधल्या वाक्यात येऊन खोडी काढून जाते, आणि प्रश्न बुद्धिबळावर आहे. उत्तर देणारा मांजरीवरून सुरुवात करेल किंवा खेळावरून, दोन्हीकडून वाट तुमच्याकडेच येते. पारखायची रीत: चिंगीचं वाक्य खोडून बघा. उरलेल्यातून तुमच्याबद्दल काही कळत असेल तर मजकूर ठीक आहे. पहिल्या मसुद्यातून चिंगी काढली तर कागद कोरा.

हिशोबासाठी एका वेळी एकच बदल करा आणि तो दोन-तीन आठवडे राहू द्या. आलेल्या पसंती दोन ढिगांत घाला, मांजरीवरच्या आणि बाकीच्या. समजा वीसपैकी बारा मांजरीवर आल्या, तर फोटो एक जागा मागे सरकवा किंवा उत्तरातून तिचं नाव काढा. दोन्ही एकदम केलं तर फरक कशाने पडला ते समजत नाही. वीसच्या आतल्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका.

पुरुषांसाठी एक टीप. २०२० साली ‘ॲनिमल्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात तरुण स्त्रियांना त्याच पुरुषांचे मांजरीसह आणि मांजरीविना फोटो दाखवले होते. मांजर घेतलेल्या फोटोंना डेटिंगसाठी कमी पसंती मिळाली. पण त्या अभ्यासात पुरुष दोनच होते, तेव्हा त्यावरून मांजर लपवायला निघू नका.

ती लपवणं महागच पडतं. काहींना मांजरीची ॲलर्जी असते, आणि ते पहिल्या भेटीआधी कळलेलं बरं. टिंडरवर आणि हिंजवरही पाळीव प्राण्यांचा रकाना वेगळा आहे. तो भरला की ही माहिती तिथे जाते आणि मजकुरातली जागा वाचते. मांजर उधारीची असेल तर फोटोखालीच ‘शेजारची पाहुणी’ असं लिहा, कारण पहिला प्रश्न हमखास ‘नाव काय तिचं?’ हाच येतो.