शिफ्ट, तयेचा उपास आणि परदेशवारी: कुठली गोळी किती उशीर सोसते?

वेर्ण्याच्या कारखान्यात पाळीपाळीने काम करणाऱ्या किंवा हॉटेलात रात्रपाळी करणाऱ्या बायकांचा नेहमीचा प्रश्न असतो: "गर्भनिरोधक गोळी रोज ठरल्या वेळी घ्या म्हणतात, पण माझी ठरलेली वेळच नाही, मग काय करू?" याचं उत्तर तुमची गोळी कोणती आहे यावर अवलंबून आहे. म्हणून आधी गोळ्यांची तुलना करू आणि मग वेळेकडे येऊ.

सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते ती माला-एन. तिच्यात दोन हार्मोन असतात, म्हणून तिला संयुक्त गोळी म्हणतात. पाकिटात 21 हार्मोनच्या आणि 7 लोहाच्या गोळ्या असतात. उशीर झाला तर ही गोळी बरंच सांभाळून घेते. शेवटच्या गोळीपासून 48 तासांच्या आत पुढची घेतली, तर तो फक्त उशीर धरतात. 48 ते 72 तास झाले तर एक गोळी चुकली. आठवताच ती घ्यायची आणि पाकीट पुढे चालू ठेवायचं. बाकीच्या गोळ्या नीट घेतल्या असतील तर कंडोमची गरज पडत नाही. 72 तास उलटले की मात्र गोळी घेऊन पुढचे 7 दिवस कंडोम वापरायचा.

दुसरी डेसोजेस्ट्रेल, 75 मायक्रोग्रॅमची. हिच्यात एकच हार्मोन असतं आणि 28 गोळ्या सलग घ्यायच्या असतात, मध्ये सुट्टी नाही. हिला 12 तासांचा उशीर चालतो, म्हणजे शेवटच्या गोळीपासून 36 तास. त्यापुढे गेलं तर गोळी चुकली. मग किती दिवस कंडोम, यावर जागतिक आरोग्य संघटना 2 दिवस सांगते, तर पाकिटातल्या कागदावर 7 दिवस असतात. मी 7 च सांगते. एकाच हार्मोनच्या काही जुन्या गोळ्यांना जेमतेम 3 तासांची सवलत असते. ज्यांच्या कामाच्या पाळ्या बदलतात त्यांनी या गोळ्यांच्या वाटेला जाऊच नये.

आता एक उदाहरण घेऊ. फोंड्याची एक बाई औषध कारखान्यात तीन पाळ्यांत काम करते: सकाळी 6 ते 2, दुपारी 2 ते 10, रात्री 10 ते 6. तिने गोळी "झोपताना" घ्यायची ठरवली. रविवारी सुट्टी होती, रात्री 11 ला गोळी घेऊन झोपली. सोमवारी रात्रपाळी लागली, मंगळवारी सकाळी घरी येऊन 8 वाजता आडवी झाली आणि तेव्हा गोळी घेतली. मध्ये 33 तास गेले. माला-एन असेल तर काळजीचं कारण नाही. डेसोजेस्ट्रेल असेल तर हातात फक्त 3 तास उरले होते. त्या दिवशी दुपारी 12 पर्यंत थांबावं लागलं असतं, तर 37 तास होऊन गोळी चुकली असती, आणि तिच्या मनाशी हिशेब मात्र "रोज झोपताना घेते" असाच राहिला असता. "उठल्यावर" म्हटलं तरी तोच घोटाळा होतो.

त्यापेक्षा तिन्ही पाळ्यांत आपण जाग्या असतो असा तास शोधावा. हिच्या बाबतीत तो रात्री 8 चा. सकाळपाळीच्या दिवशी ती घरी असते, रात्रपाळीला निघण्याआधी जेवत असते आणि दुपारपाळीला कँटीनमध्ये असते. अडचण फक्त तिथेच आहे. औषध कारखान्यात उत्पादन विभागात स्वतःची गोळी नेऊ देत नाहीत. त्यामुळे पाकीट लॉकरमधल्या डब्याच्या पिशवीत हवं आणि जेवणाच्या सुट्टीत आठवणीने घ्यायला हवं.

उपासाचं गणित जरा फसवं आहे. साध्या उपासात काही प्रश्न नाही, गोळी रिकाम्या पोटी चालते. पण काही जणी तयेला, म्हणजे हरितालिकेला, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पाणीही घेत नाहीत. समजा, सोमवारी रात्री 8 ला गोळी घेतली आणि मंगळवारी तय आहे. बुधवारी, म्हणजे चवथीला, सकाळी 6 ला घेतली तर 34 तास झाले. माला-एनला हे सहज चालतं. डेसोजेस्ट्रेलही बसते, पण काठावर, आणि चवथीच्या सकाळी घरात किती धांदल असते ते सांगायला नको.

म्हणून पुष्कळ जणी मंगळवारी पहाटे 4 ला, उपास लागण्याआधीच, त्या दिवशीची गोळी घेऊन टाकतात. गोळी लवकर घेण्यात काही बिघडत नाही. बिघडतं ते नंतर, बुधवारी नेहमीप्रमाणे रात्री 8 ची वाट पाहिल्यावर. मंगळवार पहाट ते बुधवार रात्र हे 40 तास होतात, आणि डेसोजेस्ट्रेल चुकते. पहाटे घेतलीत तर बुधवारी सकाळी एक घ्या, रात्री 8 ला पुन्हा एक आणि तिथून नेहमीची वेळ धरा. एक गोळी जास्त जाईल, त्याने अपाय होत नाही. उपास सोडल्यावर पित्ताने उलटी झाली आणि गोळी घेऊन 3 तास झाले नसतील, तर दुसरी घ्यावी.

चवथीला पाळी नको म्हणून वेगळी गोळी आणण्याचीही पद्धत आहे. माला-एन घेणाऱ्यांना तिची गरज नाही. लोहाच्या 7 गोळ्या सोडून थेट नवं पाकीट सुरू केलं की पाळी पुढे जाते आणि संरक्षणही टिकतं. उलट, सणाच्या गडबडीत नवं पाकीट दोन-तीन दिवस उशिरा सुरू करणं ही माला-एनची सगळ्यात महागात पडणारी चूक. हार्मोनच्या गोळ्यांची 7 दिवसांची सुट्टी लांबली की अंडाशय पुन्हा जागं होतं.

प्रवासात त्यामानाने सोपं आहे. आपले रात्रीचे 8 म्हणजे दुबईचे संध्याकाळचे 6:30 आणि लंडनचे उन्हाळ्यात दुपारचे 3:30. थोड्या दिवसांसाठी जात असाल तर भारतीय वेळच धरा. राहायला जात असाल तर पहिल्याच दिवशी तिथल्या 8 ला घ्या. लंडनला उन्हाळ्यात 28.5 तास होतात, हिवाळ्यात 29.5. दोन्ही गोळ्यांना हे चालतं. परत येताना अंतर कमी होतं, त्यात धोका नाही. फोनचा अलार्म उतरल्यावर तिथल्या वेळेने वाजतो, हे मात्र लक्षात असू द्या. पाकीट चेक-इनच्या सामानात टाकू नका.

तिसरा पर्याय छाया, हाही सरकारी केंद्रात मोफत. हिच्यात हार्मोन नाही आणि तासांचा हिशेबही नाही: पहिले 3 महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. सोमवारचा उपास असेल तर रविवार आणि बुधवार धरावा. रात्रपाळीवाल्यांना मी हीच आधी सुचवते, पण दोन गोष्टी सांगून. सुरुवातीला पाळी लांबते आणि जीव घाबरा होतो. आणि गोळी एक-दोन दिवस जरी चुकली, तरी ती घेऊन पुढची पाळी येईपर्यंत कंडोम वापरावा लागतो. 7 दिवसांच्या वर गेलं तर पहिल्यापासून सुरुवात. पीसीओएस, नुकतीच झालेली कावीळ किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर छाया घेऊ नये.

माला-एन सगळ्यांत क्षमाशील असली तरी सगळ्यांसाठी नाही. रक्तदाब जास्त असेल, पायात रक्ताची गुठळी होऊन गेली असेल, डोळ्यांपुढे झगझगाट होऊन अर्धशिशी उठत असेल किंवा बाळ 6 महिन्यांच्या आतलं अंगावर पीत असेल, तर डॉक्टर शक्यतो ती देत नाहीत. अशा वेळी बहुधा डेसोजेस्ट्रेलच सुचवतात आणि मग 36 तासांचा हिशेब सांभाळावाच लागतो.