हप्ते वेळेवर, तरी गाडी ओढून नेली: फायनान्स कंपनीला दिलेलं पत्र

सप्टेंबरात कारखान्याच्या गेटबाहेर दोघे माझ्या कर्जावर घेतलेल्या दुचाकीपाशी उभे होते. एकाच्या मोबाईलवर माझा नंबर होता. "हप्ता थकलाय, ऑफिसला चला," म्हणाला आणि चावी मागितली. मी हप्ते कापल्याचे बँकेचे मेसेज दाखवले, पण त्यांनी पाहिलेही नाहीत. दुसऱ्याने एक छापील कागद पुढे केला: 'मी माझे वाहन स्वखुशीने जमा करीत आहे.' मी सही केली नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर तुम्हीही करू नका, कारण एकदा ती सही झाली की गाडी जबरदस्तीने नेली हे सिद्ध करायला फार जड जातं. शेवटी चावी हिसकावून गाडी नेलीच. डिकीत आरसी होती, आणि हँडलला हेल्मेट.

पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घेतली. फायनान्स कंपनीच्या शाखेत मात्र एकच उत्तर मिळालं, "सिस्टीमला ओव्हरड्यू दिसतंय." मग शाखा व्यवस्थापक आणि तक्रार निवारण अधिकारी या दोघांना ईमेल आणि रजिस्टर पोस्टाने हे पत्र पाठवलं:

"महोदय,
माझ्या दुचाकी कर्जाचा 3,240 रुपयांचा मासिक हप्ता नियमित जमा होत आहे. फेब्रुवारीत पगार उशिरा झाल्याने एक हप्ता बाउन्स झाला, तो त्याच आठवड्यात आपल्याच ॲपमधून भरला. बँकेचा उतारा सोबत जोडला आहे. असे असताना कोणतीही पूर्वसूचना न देता आपल्या माणसांनी माझी गाडी ताब्यात घेतली.

रिझर्व्ह बँकेच्या फेअर प्रॅक्टिसेस कोडनुसार ताबा घेण्यापूर्वीच्या नोटिशीची मुदत, ती कोणत्या परिस्थितीत माफ होते, ताबा घेण्याची पद्धत आणि विक्रीपूर्वी कर्जदाराला द्यायची शेवटची संधी हे सर्व करारात असले पाहिजे. म्हणून कराराची प्रत, नोटीस पाठवली असल्यास ती व तिचा पोस्टाचा पुरावा, वसुली एजन्सीचे नाव आणि तिला दिलेले अधिकारपत्र द्यावे.

कर्ज सुरू झाल्यापासूनचा खाते उतारा द्यावा. प्रत्येक रक्कम कोणत्या तारखेला आली आणि त्यातली किती मुद्दलात, किती व्याजात, किती दंडात वळती केली हे त्यात दिसावे. केवळ हप्त्यांचे वेळापत्रक चालणार नाही.

गाडी आरसी व हेल्मेटसह तात्काळ परत करावी. वाद मिटेपर्यंत तिची विक्री वा लिलाव करू नये. यार्डाचे भाडे मी देणे लागत नाही."

पत्रातला वेळापत्रकाचा मुद्दा मुद्दाम घातला होता. शाखेत उतारा मागितला की बहुतेक वेळा वेळापत्रकाचा प्रिंट हातात देतात. त्यात काय भरायचं ते असतं, भरलेलं कुठे गेलं ते नसतं.

खरा उतारा हातात आला तेव्हा सगळं उलगडलं. फेब्रुवारीत बाउन्सचे 590 रुपये लागले होते. मी भरलेल्या 3,240 मधून त्यांनी आधी हे 590 कापले, म्हणजे हप्ता तेवढ्याने अपुरा राहिला. अपुरा म्हणून मार्चमध्ये 500 रुपये दंड, तोही पुढच्या हप्त्यातून आधी कापला. ऑगस्टपर्यंत सहा महिने हेच चाललं आणि 590 अधिक 3,000 मिळून 3,590 झाले. म्हणजे एक अख्खा हप्ता 'थकला', आणि माझ्या बँकेच्या उताऱ्यात मात्र एकही हप्ता भरायचा राहिलेला नाही! रिझर्व्ह बँकेचं 18 ऑगस्ट 2023 चं परिपत्रक सांगतं की दंड वाजवी आणि जेवढी चूक तेवढ्याच प्रमाणात हवा. 590 च्या तुटीवर दरमहा 500 कुठल्या प्रमाणात बसतात, एवढंच मी पुढच्या ईमेलमध्ये विचारलं. दंड रद्द झाला, गाडी मिळाली. हेल्मेट नाही.

एक अडचण मात्र लक्षात ठेवा. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा 30 दिवसांत उत्तर दिलं नाही, तरच cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तेवढ्यात लिलाव होण्याची भीती असेल तर वाट पाहू नका, जिल्हा ग्राहक आयोगात अंतरिम आदेश मागा. आणि नोटिशीबाबत आपला करार आधी नीट वाचा. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये अशाच एका वाहनकर्जाच्या प्रकरणात नोटीस लागते की नाही हे करारावर अवलंबून असतं असं म्हटलं आहे. माझ्या करारात सात दिवसांची नोटीस लिहिलेली होती.

गाडी आली तरी माझ्या क्रेडिट रिपोर्टवर थकबाकीची नोंद अजून तशीच आहे. ती दुरुस्त करण्याचा अर्ज क्रेडिट ब्युरोकडे दिला आहे. 30 दिवसांत निकाली निघाला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 100 रुपये भरपाई म्हणून मिळतात, आणि ते मी मागणार आहे.